बैल कुठे गेले?

सकाळी ६.१५. जळगावातली वरच्या मजल्याची खोली. अहिराणी सिनेमाची पहिली असेंब्ली सलग बघायची, मध्ये थांबवायची नाही, असा दिग्दर्शकाचा नियम. संकलकही तोच. दोन तास दहा मिनिटं. खटकलं की वहीत वेळ लिहितो. कारण लिहीत नाही, ते नंतर.

८.३०. शेजारच्या काकूंना चहा देऊन पहिला तासभराचा भाग दाखवला. गोष्ट आधी सांगितली नाही. काकू मध्येच म्हणाल्या, "भाऊ, बैल कोठे गयात?" शेतकरी बाजारात बैल विकतो, पण शूटिंगच्या दिवशी गर्दी आवरता आवरता पैसे हातात येण्याचा शॉट राहूनच गेला. दिग्दर्शकाला ते ठाऊक असल्यामुळे त्याला भोक दिसतच नव्हतं. मावळतीचा ड्रोन शॉट नाही, हे काकूंच्या लक्षातही आलं नाही.

९.४५. वहीत अकरा नोंदी. प्रत्येकीला पहिला प्रश्न: घरात आहे त्यात भागेल का? शेतकऱ्याच्या बायकोचा जवळचा चेहरा हवा होता. मूळ शॉट ४के, सिनेमा १०८०मध्ये. चित्र दुपटीपर्यंत मोठं केलं तरी फुटत नाही. भागलं. कपाशीतल्या भांडणात वाऱ्याचा खरखराट आहे. पुन्हा शूट करायचं तर आता शेतात कपाशीच नाही, पऱ्हाट्याही उपटून झाल्या. म्हणजे डबिंग. बोलणारा पाठमोरा आहे तिथे तर ओठ जुळवायचीही कटकट नाही, नवीन वाक्यसुद्धा घालता येतं. दोन प्रसंग सरळ कापले. कापल्यावर गोष्ट लंगडली नाही, उलट पळायला लागली. असं झालं की वाटतं, त्यांवरचा पैसा आधीच वाया गेला होता. आता निदान वेळ वाचला.

उरल्या तीन नोंदी: बैल, शेतकऱ्याचं काम करणाऱ्या आबांचं घर सोडून जाणं आणि ड्रोन.

१०.३०. हिशेब. बाजार पुन्हा उभा करायचा तर कॅमेऱ्याचं भाडं तीन हजार, कॅमेरामन आणि आवाजवाला मिळून तीन, जीप साडेतीन, जेवण दीड, बैल आणि त्यांचा मालक दोन. तेरा हजार. नुसता इन्सर्ट घेतला, म्हणजे नोटा मोजणारे हात आणि दुसऱ्याच्या हाती जाणारं दावं, तर कॅमेरा तीन, कॅमेरामन दीड आणि एसटी हजाराच्या आत. साडेपाच. आवाज फोनवर घेता येईल. कॅमेरा भाड्याने आणायचाच आहे, तर आबांचा शॉटही त्याच दिवशी, जवळजवळ फुकटात. ड्रोनसाठी वेगळे चार हजार. ड्रोनवर काट मारली.

११.३०. धुळ्याची एसटी, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर. धुळ्याहून पुढे महामार्गावर मालेगाव. तिथे नासिर शेख यांनी २०००च्या सुमाराला ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा संकलन दोन व्हीसीआर जोडून व्हायचं. एक शॉट बदलायचा तर पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. आता बदलणं सोपं झालंय. जीप मात्र फुकट झालेली नाही.

२.००. धुळे. दार उघडलं आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. आबांनी मिशी काढली होती. "नातीले टोचे," आबा म्हणाले. खोटी मिशी जवळच्या शॉटमध्ये लगेच ओळखू येते. म्हणून जाण्याचा शॉट पाठीमागून. खरं तर तो तसाच बरा.

३.३०. बाजाराचा प्रसंग याच सुमाराच्या उन्हातला, म्हणून दीड तास थांबणं झालं. सहायक मुलगी मोबाइलमधले जुने फोटो पुढे धरते: डावी बाही दुमडलेली, करंगळीला अंगठी, ऊन उजवीकडून. तीच लेन्स, तोच फ्रेम रेट. मागे बाजार नाही, म्हणून लेन्स जवळ लावून पाठीमागचं धूसर केलं आणि दोघांना धूळ उडवत चालायला लावलं. दावं दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याने धरलं. बैल चौकटीबाहेर, म्हणजे नाहीच. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवला. कात्रीला धरायला कापड लागतं.

पहिल्या वेळी आबांनी नोटा पटापट मोजल्या. दिग्दर्शक म्हणाला, "आबा, बैल तुमचे होते. सावकाश मोजा." दुसऱ्या वेळी मध्ये एक नोट चुकली, पुन्हा मोजली. तोच ठेवला.

५.००. आबांचं जाणं दोन टेकमध्ये झालं. मग सगळ्यांना गप्प बसवून अंगणाचा आवाज एक मिनिट रेकॉर्ड केला. आबांना पाचशे देऊ केले, त्यांनी घेतले.

९.३०. परत जळगाव. इन्सर्ट टाइमलाइनवर ठेवला. हात सात सेकंद जड वाटले, चारवर आणले. त्यावर एकच वाक्य लागेल: "बैल इकी टाकात." उद्या आबांना डबिंगला बोलवायचंय, त्यांचं एसटीचं तिकीट आणि दुपारचं जेवण दिग्दर्शकाने ड्रोनच्या खोडलेल्या आकड्याखाली लिहिलं.