पोटभर जेवूनही वजन उतरते तेव्हा

‘थायरॉईड’ हा शब्द आता आपल्या घरोघरी रुळला आहे. परंतु तो उच्चारताच बहुतेकांच्या मनात चित्र उभे राहते ते वाढणाऱ्या वजनाचे, सुस्तीचे आणि सकाळी अनशापोटी घ्यावयाच्या गोळीचे. ते चित्र मंदावलेल्या थायरॉईडचे आहे. तीच ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली तर नेमके उलटे घडते. माणूस व्यवस्थित जेवतो, कधी पूर्वीपेक्षा अधिक जेवतो, आणि तरीही वाळत जातो. ‘थायरॉईड म्हणजे वजन वाढणे’ हे समीकरण इतके पक्के बसले आहे की वजन उतरणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत या ग्रंथीचा विचार घरच्यांच्या मनाला सहसा शिवतही नाही.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर फुलपाखराप्रमाणे बसलेली असते. मराठीत तिला अवटु ग्रंथी असे नाव आहे. तिच्यातून स्रवणारी संप्रेरके शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीला ऊर्जा किती वेगाने वापरावयाची हे सांगतात. चूल सतत मोठ्या आचेवर ठेवावी तसे काहीसे अतिरिक्त स्रावामुळे होते. खाल्लेले अन्न लवकर खर्ची पडते, शरीर अधिक उष्णता निर्माण करते, म्हणून भूक वाढते. परंतु वाढलेले जेवण वाढलेल्या खर्चाला पुरे पडत नाही. मग शरीर साठवलेल्या चरबीला हात घालते आणि तिच्याबरोबर स्नायूंनाही. चरबी उतरल्याचे दुःख कोणाला होत नसते, पण स्नायू गेले की म्हातारपणी माणूस पडतो, आणि याच काळात हाडेही ठिसूळ होत असतात.

माझ्या दवाखान्यात आलेल्या सत्तरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण येथे सविस्तर देतो. रक्तदाबाची गोळी त्या अनेक वर्षे घेत होत्या. एरवी प्रकृती ठणठणीत. पाच महिन्यांत त्यांचे वजन ५८ किलोवरून साडेपन्नासवर आले होते. हे प्रथम लक्षात आले ते वजनकाट्यामुळे नव्हे. सुनेने त्यांचे ब्लाउज दोनदा आत घेतले आणि हातातल्या बांगड्या भांडी घासताना गळून पडू लागल्या, तेव्हा तिला शंका आली. (वृद्धांच्या वजनाची नोंद घरात क्वचितच असते, शिंपी आणि बांगड्या हेच खरे साक्षीदार.) जेवण कमी झाले आहे का, या प्रश्नावर सून म्हणाली, “उलट सायंकाळी चारलाच त्यांना भूक लागते. पूर्वी दोन पोळ्या खायच्या, आता तीन खातात.” सासूबाईंना स्वतःला यात काही वावगे वाटत नव्हते. “वयाबरोबर माणूस सुकतोच, डॉक्टर,” असे त्यांचे म्हणणे.

थोडे अधिक विचारल्यावर बाकीच्या गोष्टी एकेक करून पुढे आल्या. डिसेंबरातही त्यांना पंखा लागत होता. दिवसातून तीनदा शौचास जावे लागे, पण जुलाब नसल्यामुळे त्याचा उल्लेख करावा असे त्यांना वाटले नव्हते. देवापुढच्या पाटावरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागत होता. दोष त्या गुडघ्यांना देत होत्या. वास्तविक गुडघे दुखत नव्हते, मांड्यांतले बळ कमी झाले होते. हात पुढे पसरावयास सांगून बोटांवर कागद ठेवला तर तो बारीक थरथरत होता. नाडी मिनिटास शंभरावर, आणि अनियमित होती. गळ्यावर नजरेत भरेल अशी सूज नव्हती, डोळे बाहेर आलेले नव्हते. गिळताना बोटांनी चाचपल्यावर मात्र ग्रंथीत लहान लहान गाठी लागल्या.

पुस्तकातले थायरॉईडचे चित्र पाहिलेल्या माणसाची येथेच फसगत होते. अस्वस्थ, घामाघूम, बटबटीत डोळ्यांचा रुग्ण हे चित्र प्रामुख्याने तरुण वयातले आहे. वृद्धांमध्ये हा विकार पुष्कळदा अगदी शांतपणे येतो. फ्रँक लाही या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३१ मध्येच अशा निस्तेज, उदासीन दिसणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. घाम नाही, चिडचिड नाही. फक्त वजन उतरणे, थकवा आणि हृदयाचे बिघडलेले ठोके. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. चांगली भूक असून वजन घटणे ही या विकाराची मोठी खूण असली, तरी काही वृद्धांची भूक मंदावते. तेव्हा ‘भूक वाढलेली नाही, म्हणजे थायरॉईड नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

तपासणी केव्हा करावी, याला एक साधा हिशेब आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात मूळ वजनाच्या वीसाव्या हिश्श्याइतके, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो वजन उतरले, तर कारण शोधलेच पाहिजे. मग ते वयाच्या खात्यावर टाकू नये. भूक चांगली असताना वजन घटविणारी दोन कारणे सर्वाधिक आढळतात, मधुमेह आणि हा अतिक्रियाशील थायरॉईड. दोन्हींचा शोध रक्ताच्या साध्या तपासणीने लागतो. या बाईंची साखर व्यवस्थित होती.

थायरॉईडसाठी पहिली तपासणी टीएसएच. तिचा अर्थ लावताना अनेकांचा गोंधळ होतो, कारण आकडा उलटा चालतो. टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉईडला ‘काम कर’ असा जो निरोप पाठवते, तो निरोप म्हणजे टीएसएच. थायरॉईड स्वतःच बेफाम सुटला असेल तर पिट्यूटरी निरोप पाठवणे थांबवते आणि आकडा खाली जातो. सर्वसाधारणपणे तो ०.४ ते ४ यांच्या दरम्यान असतो. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा थोड्या बदलतात. शिक्षिकाबाईंचा आकडा ०.०१ पेक्षाही कमी आला. टीएसएच कमी आढळला की त्याच्या जोडीला फ्री टी४ आणि टी३ पाहावे लागतात. त्यांचे दोन्ही वाढलेले होते. या रक्तासाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नसते.

मात्र केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे निरोगी माणसाच्या कागदावर हाच विकार उमटतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. दुसऱ्या एखाद्या गंभीर आजारासाठी रुग्णालयात असताना काढलेला टीएसएचही फसवा असू शकतो. तो बरे झाल्यावर पुन्हा पाहावा.

तपासण्यांच्या क्रमाविषयी माझे मत थोडे आग्रही आहे. वजन घटले की घरच्यांच्या मनात कर्करोगाची धास्ती बसते आणि ती अस्थानी नसते. पण त्या धास्तीपोटी थेट औषध टोचून करावयाचा सीटी स्कॅन करवून घेण्याआधी टीएसएच पाहावा. त्या औषधात भरपूर आयोडीन असते, आणि गाठी असलेली थायरॉईड ग्रंथी ते आयोडीन मिळताच अधिकच भडकू शकते. शिवाय त्यानंतर काही आठवडे थायरॉईडचा स्कॅन आणि किरणोत्सारी आयोडीनचा उपचार दोन्ही लांबणीवर पडतात. एका स्वस्त तपासणीने हे सारे टळते. तातडीची निकड असेल तर गोष्ट वेगळी.

हृदयालेखात अनियमिततेचे नाव कळले, एट्रिअल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. वृद्धांमध्ये हा विकार अंगावर काढण्यातला खरा धोका हा आहे. उतरलेले वजन ही केवळ त्याची दिसणारी बाजू. टेक्नेशियम स्कॅनमध्ये ग्रंथीतल्या दोन गाठी ठळक दिसल्या, उरलेला भाग फिका. म्हणजे या गाठी पिट्यूटरीचे न ऐकता आपल्या मनाने स्रवत होत्या. तरुणांमध्ये सामान्यतः ग्रेव्हज् हा प्रतिकारशक्तीचा विकार कारण असतो. उतारवयात अशा गाठींचे प्रमाण वाढते. ग्रंथीला सूज येऊन साठलेले संप्रेरक एकदम सांडणे आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन, हीही कारणे आहेत. प्रत्येकाचा उपचार निराळा, म्हणून कारण ठरल्याशिवाय केवळ अहवाल दाखवून गोळ्या सुरू करू नयेत.

बाईंना ठोके आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, ग्रंथीचा स्राव रोखण्यासाठी कार्बिमॅझोल आणि हृदयविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्त पातळ ठेवणारे औषध देण्यात आले. प्रोप्रॅनोलॉल देण्याआधी दमा नाही याची खात्री करावी लागते. कार्बिमॅझोल घेणाऱ्याच्या घरी एक सूचना सर्वांना पाठ असावी. ताप आला, घसा खूप दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. क्वचितच, पण हे औषध त्या पेशी एकाएकी घटवते.

दीड महिन्याने त्यांचा टी४ पूर्वपदावर आला, टीएसएच मात्र अजून तळाशीच होता. सून घाबरून गेली. पिट्यूटरी दीर्घकाळ गप्प राहिलेली असते. तिला पुन्हा जागे होण्यास काही महिने लागतात, म्हणून सुरुवातीला सुधारणा टी४ आणि टी३ यांवरूनच जोखावी. चार महिन्यांत वजन ५४ किलो झाले, पाटावरून आधाराविना उठता येऊ लागले. ठोकेही नियमित झाले. रक्त पातळ ठेवण्याचे औषध थांबवावे की नाही, हा निर्णय मात्र हृदयविकारतज्ज्ञांचाच. गोळ्यांनी गाठी जात नाहीत, त्या बंद केल्या की स्राव पुन्हा वाढतो, यास्तव शेवटी त्यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेतला. तो पाण्याबरोबर घ्यावयाच्या एका मात्रेचा असतो. पुढील काही दिवस लहान मुले आणि गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवावे लागते. नातवाला मामाकडे पाठवण्यात आले, याची कुरकुर आजीने अधिक केली की नातवाने, हे सांगता येणार नाही. या उपचारानंतर ग्रंथी मंदावू शकते, म्हणून त्यांचा टीएसएच आता ठरावीक काळाने तपासला जातो.

मंद थायरॉईडसाठी वर्षानुवर्षे थायरॉक्सिन घेणाऱ्या ज्येष्ठांमध्येही हेच चित्र उभे राहू शकते. चाळिशीत ठरलेली शंभर मायक्रोग्रॅमची गोळी पंचाहत्तरीत जास्त ठरू शकते, कारण वयाबरोबर आणि वजनाबरोबर गरज घटते. अशा व्यक्तीचे वजन उतरू लागले, छातीत धडधड होऊ लागली, तर नवा आजार शोधण्यापूर्वी टीएसएच पाहावा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा किती आणि कशी कमी करावयाची ते डॉक्टर ठरवतील, आणि बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतील.