दोन टेकड्यांचा आलेख

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस येतो. तेच औषध बाटलीत मात्र महिनोनमहिने शांत असतं. खरं तर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होण्यात ऊर्जेचा फायदाच आहे. दर मोल पेरॉक्साइडमागे सुमारे 98 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. उतार एवढा आहे, तर बाटलीतलं औषध खाली का घसरत नाही? रसायनशास्त्राच्या पुस्तकातला टेकडीसारखा आलेख या प्रश्नाचं उत्तर देतो.

आलेखात उभ्या अक्षावर ऊर्जा असते. डावीकडे पेरॉक्साइडची पातळी, उजवीकडे 98 किलोज्यूल खाली पाणी आणि ऑक्सिजनची पातळी, आणि मधे उंचवटा. पेरॉक्साइडच्या रेणूतला बंध आधी ताणावा लागतो, तुटायला यावा लागतो, त्यासाठीची ऊर्जा म्हणजे हा उंचवटा. डाव्या पातळीपासून माथ्यापर्यंतच्या उंचीला सक्रियण ऊर्जा म्हणतात. इथे ती साधारण 75 किलोज्यूल आहे. आडव्या अक्षावर अनेक विद्यार्थी बिनधास्त ‘वेळ’ लिहितात. ते चूक आहे. तिथे अभिक्रिया किती पुढे सरकली, म्हणजे कोणता बंध किती ताणला गेला आणि कोणता नवा जुळत आला, हे मांडलेलं असतं. या आलेखावरून सेकंद मोजता येत नाहीत.

वेगाचा अंदाज मात्र उंचीवरून येतो. सगळ्या रेणूंकडे सारखी ऊर्जा नसते. 25 अंश सेल्सिअसला माथा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू ढोबळ हिशेबाने चौदा लाख कोटींत एखादाच. बाटली शांत राहते ती यामुळे.

आता त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाकू. लगेच बुडबुडे उसळतात, द्रावण पिवळसर होतं, भांडं हाताला गरम लागतं. सक्रियण ऊर्जा आता सुमारे 56 किलोज्यूलवर आलेली असते. फरक फक्त 19 चा, पण त्याच हिशेबाने माथा ओलांडू शकणारे रेणू साडेसहाशे कोटींत एक होतात, म्हणजे दोन हजार पटींहून जास्त. तेवढाच वेग निव्वळ तापवून मिळवायचा म्हटलं, तर बाकी सगळं तसंच धरून तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास न्यावं लागेल. जखमेवर हेच काम आपल्या रक्तातलं आणि पेशींमधलं कॅटालेज नावाचं विकर करतं, आणि आयोडाइडपेक्षा कितीतरी चपळाईने.

पुस्तकातली आकृती इथे थोडी फसवते. मोठ्या टेकडीखाली छोटी टेकडी काढलेली पाहून वाटतं, उत्प्रेरकाने डोंगर तासून बुटका केला. प्रत्यक्षात जुना डोंगर जागच्या जागी असतो. उत्प्रेरक घाटातून दुसरा रस्ता काढून देतो. आयोडाइडचा हा रस्ता दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात आयोडाइड पेरॉक्साइडच्या रेणूकडून ऑक्सिजनचा एक अणू घेतं, पाणी सुटतं आणि हायपोआयोडाइट तयार होतं. दुसऱ्या टप्प्यात हे हायपोआयोडाइट पेरॉक्साइडच्या आणखी एका रेणूशी भिडतं, पाणी आणि ऑक्सिजन सुटतात आणि आयोडाइड जसंच्या तसं परत मिळतं. म्हणून नेमक्या आलेखात एक नव्हे, दोन उंचवटे आणि त्यांच्यामधे एक खळगा हवा. खळग्यात हायपोआयोडाइट असतं. पहिला टप्पा संथ असल्याने पहिला उंचवटा मोठा. वेग तोच ठरवतो. द्रावणाची पिवळी छटा मात्र एका जोड-अभिक्रियेत थोडं आयोडीन सुटतं, त्याची.

उत्प्रेरकाला एक गोष्ट कधीच जमत नाही: दोन टोकांच्या पातळ्या हलवणं. भांडं गरम लागतं ते जास्त उष्णता निघाली म्हणून नव्हे, तीच उष्णता थोड्या वेळात निघाली म्हणून. उजवीकडून उलटं चढायचं झालं तर आधी 173 किलोज्यूलची चढण होती, आता 154 ची. दोन्ही बाजूंनी 19 चीच सूट. त्यामुळे समतोल जिथे असायचा तिथेच राहतो, फक्त तिथे लवकर पोचता येतं.

ही उंची कुणी पट्टीने मोजलेली नसते. वेगवेगळ्या तापमानांना ऑक्सिजन किती झपाट्याने निघतो ते मोजायचं आणि तापमानाबरोबर वेग कसा वाढतो त्यावरून, स्वांटे अऱ्हेनियस यांच्या 1889 च्या समीकरणाने, सक्रियण ऊर्जा काढायची. प्रयोगात तापमान स्थिर राखलं नाही, तर आकडा हमखास चुकतो, कारण ही अभिक्रिया स्वतःच भांडं तापवते.

परीक्षेत आलेख काढणाऱ्यांना एकच सांगणं: उत्प्रेरकाच्या रेषेला एक उंचवटा दिलात तर शाळेच्या पातळीवर चालून जाईल, पण दोन्ही रेषा एकाच पातळीवरून निघून एकाच पातळीवर टेकल्या नाहीत, तर आकृती चूकच.