थायरॉईडचा अहवाल आणि आहाराची नोंद

जिंतूर येथील ३८ वर्षीय रुग्णेचे टीएसएच १८ व वजन ७४ किलो होते. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत टीएसएच ३ वर आले. वजन मात्र ७१ किलोवर स्थिरावले. "डॉक्टर, गोळी वाढवून घेऊ का? मला पूर्वीसारखे ६० किलो व्हायचे आहे," असा तिचा आग्रह होता.

अशा वेळी रक्ताचा अहवाल व आहाराची नोंद शेजारी ठेवून वाचावी. थायरॉईडच्या न्यूनतेने वाढणारे वजन बहुधा २ ते ५ किलो असते आणि त्यात क्षार व पाण्याचा वाटा मोठा असतो. तेवढे तिचे उतरले होते. टीएसएच अद्याप चढे असते, तर गोळी चहासोबत घेतली जाते का, हे प्रथम विचारावे लागले असते. ते योग्य पातळीवर असताना मात्रा वाढविल्यास हृदयाची धडधड व अस्थिक्षय ओढवतो.

उरलेल्या वजनाचे कारण सात दिवसांच्या नोंदीत सापडले. रोज सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर व २४० कॅलरी. शिवाय आठवड्यातून दोनदा उपवासाची साबुदाणा खिचडी, तीही दोन्ही वेळा. चरकांनी अतिस्थौल्य संतर्पणजन्य व्याधींत गणले आहे, ते येथे ध्यानी येते.

आम्ही ६० किलोचे आश्वासन दिले नाही. सहा महिन्यांत साडेतीन किलो, एवढेच उद्दिष्ट ठरविले. चहा दोन कपांवर व खिचडी एका वेळेवर आली. सहा महिन्यांनी वजन ६८ किलो भरले. गोळीची मात्रा तीच राहिली.