एकशे पंचाहत्तर टक्के शक्यता

या आठवड्यात ऑड्सचं गणित घेणार होतो, ते पुढच्या वेळी. एका वाचकांच्या पत्राने मला थांबवलं. त्यांचा प्रश्न असा: “उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असेल, तर हो म्हणजे १, नाही म्हणजे ० धरून साधी सरळ रेषा का बसवू नये? उत्तर १ च्या वर गेलं तर १ म्हणावं, ० च्या खाली गेलं तर ०.” प्रश्न चांगला आहे, म्हणून आकडे घेऊनच बसू.

‘चॅलेंजर’ अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळलं. कारण होतं बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी, ओ-रिंग. थंडीत रबर कडक होतं आणि सांधा वेळेत बंद होत नाही. त्याआधीच्या २३ उड्डाणांची तपासणी उपलब्ध होती, आणि त्यांपैकी ७ उड्डाणांत कड्या जळाल्याच्या किंवा वायू निसटल्याच्या खुणा होत्या. प्रत्येक उड्डाणाच्या वेळचं सांध्याचं तापमानही नोंदलेलं होतं: सर्वांत थंड ५३ अंश फॅरनहाइट, सर्वांत उबदार ८१.

सरळ रेषा बसवली की येतं: शक्यता = २.९०५ − ०.०३७४ × तापमान. वाचायला किती सोपं! तापमान एक अंशाने वाढलं की इजा होण्याची शक्यता सुमारे पावणेचार टक्क्यांनी कमी. हे वाक्य कोणत्याही इंजिनिअरला लगेच कळतं, आणि या मॉडेलची खरी ताकद तीच. ६५ अंशांना रेषा ०.४७ सांगते, लॉजिस्टिक रिग्रेशन ०.४९. मधल्या पट्ट्यात दोघांचं चांगलं जमतं.

आता टोकांकडे चला. ७८, ७९ आणि ८१ अंशांची उड्डाणं खरोखर झालेली आहेत आणि त्या तिन्हींना रेषा ऋण शक्यता देते. ८१ ला तर उणे १२ टक्के. अपघाताच्या सकाळचा अंदाज होता ३१ अंश. तिथे रेषा म्हणते १.७५, म्हणजे पावणेदोनशे टक्क्यांना टेकलेली शक्यता. लॉजिस्टिकचं उत्तर ०.९९९६. तेही डोळे मिटून घेऊ नका: सर्वांत थंड उड्डाणाच्याही २२ अंश खाली आपण गेलो आहोत, आणि मोजक्या उड्डाणांवर बेतलेल्या त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता फार मोठी आहे. पण निदान तो शक्यता म्हणता येईल असा आकडा आहे.

मग कापून १ आणि ० का नको? कारण कापलेला ० म्हणजे ‘हे होऊच शकत नाही’ असं विधान. ७५ अंशांना रेषेने १० टक्के शक्यता दिली होती आणि तिथे कडीला इजा झालीच होती. उद्या ८१ ला एकदा झाली, तर कापलेलं मॉडेल पूर्ण खोटं ठरतं. लॉजिस्टिक तिथे सव्वादोन टक्के सांगतं आणि जागा शिल्लक ठेवतं. शिवाय रेषेचा उतार सगळीकडे सारखाच असतो. लॉजिस्टिकची वक्ररेषा मध्यावर एका अंशाला जवळजवळ सहा टक्के बदलते, तर ७५ अंशांजवळ दोनाहूनही कमी. गरम दिवशी एक अंश कमी-जास्त झाला तर फारसं बिघडत नाही, हे तिला सांगता येतं. रेषेला येत नाही.

एक तांत्रिक गोष्ट पत्रात नव्हती, ती जोडतो. हो-नाहीच्या उत्तरात विखुरलेपण शक्यतेनुसार बदलतं: ०.५ ला सर्वांत जास्त, टोकांना कमी. म्हणून रेषा वापरलीत तर नेहमीची प्रमाण त्रुटी चालत नाही, रोबस्ट त्रुटी घ्यावी लागते.

आता रेषेच्या बाजूने. तापमान अंशांत न घेता ‘६५ च्या खाली’ आणि ‘६५ च्या वर’ असे दोनच गट करा. खालच्या गटात ४ उड्डाणं, चारही इजा झालेली. वरच्यात १९, त्यांतली ३ इजा झालेली. रेषा शांतपणे १ आणि ०.१६ सांगते, म्हणजे त्या गटांचं सरळ प्रमाण. अशा गटवारीत ती हद्दीबाहेर जाऊच शकत नाही, कारण गटाचं प्रमाण ० ते १ मध्येच असतं. आणि इथे कोलमडतं ते लॉजिस्टिक! खालच्या गटात एकही ‘नाही’ नाही, त्यामुळे त्याचा गुणक अनंताकडे पळत सुटतो. R मध्ये `glm` चालवून पाहा. कुठेही अडल्याशिवाय उत्तर येतं, पण गुणक अवाढव्य आणि त्याची प्रमाण त्रुटी त्याहून कितीतरी मोठी. ही जोडी दिसली की आकडे वाचत बसू नका, आधी गटागटाने हो-नाहीची मोजणी मांडा. कुठल्या तरी चौकटीत ० सापडेल. त्यावर फर्थ यांची १९९३ ची पद्धत उपयोगी पडते. ऑड्स झाले की तिच्याकडे येऊ.

माझी पद्धत सांगतो. सरासरी परिणाम हवा असेल आणि बहुतेक शक्यता ०.२ ते ०.८ च्या आत असतील, तर मी रेषा बसवतो. एकेका उड्डाणाला, एकेका रुग्णाला आकडा द्यायचा असेल, किंवा घटना दुर्मीळ असेल, तर लॉजिस्टिक.