पॅम मेंदूपर्यंत का पोहोचत नाही

शरीरात इतर बहुतेक ठिकाणी केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये बारीक फटी असतात आणि रक्तातले लहान रेणू त्यांतून ऊतीत झिरपतात. मेंदूत मात्र या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. ही शिवण प्रथिनांची असते. तिच्याबाहेर पेरिसाइट पेशी आणि ॲस्ट्रोसाइट पेशींचे पसरलेले पाय केशवाहिनीला लपेटून असतात. या साऱ्या रचनेला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. मुख्य रोध पेशींमधल्या शिवणीवरच होतो, हे १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्यांनी रक्तात सोडलेले खुणेचे प्रथिन शिवणीपाशी येऊन थांबलेले दिसले.

फट नसल्यामुळे औषधाला पेशीच्या आरपारच जावे लागते. पेशीचे आवरण मेदाचे, म्हणजे पाण्यात रमणारा रेणू तिथेच अडतो. लहान, मेदात विरघळणारा आणि विद्युतभार नसलेला रेणू सहज पार होतो. ग्लुकोज किंवा अमिनो आम्लांसारख्या गरजेच्या पदार्थांसाठी पेशीत वाहक प्रथिने असतात. पार्किन्सनवरचे लेव्होडोपा अशाच एका वाहकावर बसून मेंदूत जाते. उलट दिशेचाही बंदोबस्त आहे. पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप आत शिरलेले कित्येक रेणू पकडून पुन्हा रक्तात फेकतो. जुलाबावरचे लोपेरामाइड अफूवर्गातले असूनही नेहमीच्या मात्रेत गुंगी आणत नाही, ते या पंपामुळे.

हा अडथळा नेमका कुठे नडतो, ते कीटकनाशकांच्या विषबाधेत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांना ही विषबाधा नवी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली. तिथली सगळीच रसायने एका वर्गातली नव्हती. ही दोन मात्र ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातली होत. या वर्गाचे विष ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला चिकटते. मज्जातंतूंच्या टोकाशी सुटणारे ॲसिटिलकोलिन तोडून टाकणे हे या विकराचे काम. ते थांबले की ॲसिटिलकोलिन साचत जाते. लाळ आणि घाम वाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी दाटते, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. मेंदूतही तेच घडते. झटके येतात, शुद्ध हरपते, श्वसनाचे केंद्र मंदावते. विषाला अडथळा फारसा आड येत नाही, कारण त्याच्या रेणूवर भार नसतो आणि या वर्गातली बरीच रसायने मेदात चांगली विरघळतात.

अशा रुग्णाच्या खाटेशी तीन औषधे लागतात: ॲट्रोपिन, झटक्यांसाठी डायझेपाम किंवा मिडाझोलाम, आणि प्रालिडॉक्झिम, ज्याला वॉर्डात सगळे ‘पॅम’ म्हणतात. ॲट्रोपिन आणि डायझेपाम लक्षणांशी झुंजतात. विकरावरचे विष ओढून काढून त्याला पुन्हा कामाला लावणारे औषध त्यांतले एकच, पॅम. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन यांनी ते पुढे आणले. गंमत म्हणजे तिघांत सर्वांत लहान रेणू पॅमचाच. त्याच्या कार्यकारी भागाचा रेणुभार १३७, ॲट्रोपिनचा २८९ आणि डायझेपामचा २८५. तरीही मोठे दोघे मेंदूत जातात आणि लहान बाहेर राहतो. उंदरांवर केलेल्या मोजणीत रक्तातल्या पॅमच्या सुमारे एक दशांश एवढेच प्रमाण मेंदूत आढळले आहे.

कारण आकारात नसून भारात आहे, आणि तो भार कसा आहे यातही. ॲट्रोपिनच्या नायट्रोजनवरही रक्तात धनभार असतो. कोणत्याही क्षणी त्याचे भाररहित रेणू शंभरात एकाहूनही कमी. पण त्याचा भार एका हायड्रोजन आयनाचा आहे, तो निघतो आणि पुन्हा बसतो. भाररहित झालेला रेणू आवरणातून पार झाला की रक्तात उरलेल्यांतला दुसरा लगेच त्याची जागा घेतो, आणि अशा थेंबाथेंबाने मेंदूत पुरेसे ॲट्रोपिन जमते. पॅमचा नायट्रोजन मात्र चार बंधांनी बांधलेला आहे. त्याचा धनभार रेणूच्या बांधणीतच आहे, तो कधी सुटत नाही. रक्तात कितीही पॅम ओतले तरी भाररहित रेणू एकही तयार होत नाही.

भाराची हीच कसोटी उलट बाजूने वॉर्डात वापरली जाते. ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुपटीने वाढवत नेतात आणि छाती मोकळी झाली, काखा कोरड्या पडल्या, नाडी ऐंशीच्या वर गेली की थांबतात. त्यापुढे गेले तर मेंदूत साचलेले ॲट्रोपिन स्वतःच त्रास देते. रुग्ण बरळतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, अंग तापते, पोटातले आवाज बंद पडतात. हे बरळणे विषाचे समजून ॲट्रोपिन आणखी वाढवले जाण्याचा धोका असतो. कोरडी काख आणि शांत पोट पाहिले की फरक कळतो. अशा वेळी काही डॉक्टर ॲट्रोपिन कमी करून जोडीला ग्लायकोपायरोलेट देतात. त्याच्यावर पॅमसारखाच कायमचा भार आहे. छातीतले पाणी आटवण्याचे काम ते करते आणि मेंदूत शिरत नाही. जो गुण पॅमला आड येतो तोच इथे कामी येतो.

पॅम कसे द्यावे यावर महाराष्ट्रातूनच एक महत्त्वाचा अभ्यास आला. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना सुरुवातीला दोन ग्रॅम पॅम दिले. पुढचे ४८ तास निम्म्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम, तर उरलेल्यांना दर तासाला एक ग्रॅम या वेगाने अखंड सलाइनमधून. पहिल्या गटात आठ मृत्यू झाले, अखंड मात्रेच्या गटात एक. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. विषाची जात, रुग्ण किती उशिरा पोहोचला, विष किती पोटात गेले, यावर हा फरक बराच अवलंबून असावा. प्रोफेनोफॉससारख्या विषावर तर पॅम जवळपास निष्फळच ठरते. पण बारामतीच्या पद्धतीतही रक्तातली मात्रा वाढवून लाभ होतो तो मुख्यतः स्नायूंना, विशेषतः श्वासाच्या स्नायूंना. मेंदूपुरता भाग अडथळ्यापलीकडेच राहतो. रक्ततपासणीत कोलिनएस्टरेज सुधारलेले दिसले, म्हणून मेंदूतले विकर सुटले असा अर्थ काढता येत नाही.

मग भारच काढून टाकावा, असे सुचते. अडचण अशी की पॅमचे बळ त्याच भारात आहे. विकराच्या खोल, अरुंद घळीतली ॲसिटिलकोलिन धरणारी जागा धनभाराला ओढते. त्यामुळे पॅम नेमके विषाशेजारी जाऊन बसते. शिवाय त्या भारामुळेच रेणूच्या टोकाचा ऑक्झिम गट विषावर हल्ला करायला तयार होतो. भार काढला की रेणू मेंदूत जातो, पण तिथे जाऊन फारसे काही करत नाही. १९७५ मध्ये निकोलस बोडोर आणि सहकाऱ्यांनी एक वाट शोधली. पॅममध्ये हायड्रोजन घालून भार झाकायचा आणि मेंदूत ऑक्सिडीकरणाने तो परत उघडायचा. म्हणजे आत गेल्यावर रेणू पुन्हा पॅम होतो. पण असा रेणू अस्थिर असतो आणि रक्तातही त्याचे पॅम होऊ लागते. पुढे सॅन डिएगोच्या संशोधकांनी ॲट्रोपिनसारखाच, सुटणारा-बसणारा भार असलेला ऑक्झिम बनवला.

 कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर शहरातली लॉरेन्स लिव्हरमोर नॅशनल लॅबोरेटरी १९५२ मध्ये अण्वस्त्रांसाठी सुरू झाली. सारिनसारखे युद्धातले मज्जाविष आणि शेतातले मोनोक्रोटोफॉस एकाच विकराला जखडतात, म्हणून तिथल्या संशोधकांनाही मेंदूत जाणारा ऑक्झिम हवा होता. २०१४ मध्ये तिथल्या गटाने संगणकावर मेदाचा पडदा उभारून त्यातून एकेक रेणू ओढत नेला आणि त्याला प्रत्येक थरात किती ऊर्जा लागते ते मोजले. पडद्याच्या मध्यभागी, जिथे पाण्याचा मागमूस नाही, तिथली चढण भारित रेणूला सर्वांत जड जाते.

संगणकाचे उत्तर प्रयोगशाळेत पारखले जाते. या क्षेत्रात त्यासाठी ९६ खळग्यांची ताटली वापरतात. प्रत्येक खळग्यात एक गाळणी असते आणि तिच्यावर डुकराच्या मेंदूतून काढलेल्या मेदाचा पातळ थर. थराच्या एका बाजूला औषधाचे द्रावण, दुसऱ्या बाजूला नुसते बफर. काही तासांनी बफरमध्ये किती औषध उतरले ते मोजतात. पॅमच्या खळग्यात दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच सापडत नाही. पण या ताटलीत पंप नाहीत, म्हणून ती पार करणारा रेणू पुढे पी-ग्लायकोप्रोटीन असलेल्या जिवंत पेशींच्या थरावर तपासावा लागतो. तिथे बरेच उमेदवार गळतात. जो उरतो त्याची रचना पुन्हा संगणकावर थोडी बदलतात आणि फेरी नव्याने सुरू होते. लिव्हरमोरच्या अशा फेऱ्यांतून एलएलएनएल-०२ हा ऑक्झिम निघाला. तो गिनीपिगच्या मेंदूत पोहोचतो, असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वेळी विषारीपणाच्या चाचण्या चालू असल्याचेही नोंदवले.

अडथळा ओलांडला तरी वेळेची मर्यादा राहतेच. विष चिकटलेले विकर काही काळाने असे बदलते की कोणताही ऑक्झिम ते सोडवू शकत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या प्रकारात निम्मे विकर सुमारे पावणेचार तासांत असे बंद होते, क्लोरपायरिफॉसच्या प्रकारात सुमारे ३३ तासांत, तर सोमन या मज्जाविषात काही मिनिटांत. मेंदूत जाणारा ऑक्झिमही या वेळेच्या आतच कामाचा. फवारणीच्या शेतातून तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. त्यामुळे मेंदूपुरते आज जे करता येते ते ॲट्रोपिन, झटके थांबवणारे मिडाझोलाम आणि श्वासाला आधार देणारा व्हेंटिलेटर यांच्यावर अवलंबून आहे. यांतले पहिले दोघे अडथळा ओलांडतात, तिसऱ्याला त्याची गरज नसते.