कंपनीचे निवेदन आणि बोलण्याची भाषा

कंपनीचे निवेदन लोकांना परके वाटते, ते त्यातील संस्कृत शब्दांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणून पुष्कळ प्रसिद्धी-अधिकारी ‘अवलंबन’ खोडून ‘वापर’ लिहितात, आरंभी ‘शेतकरी बंधूंनो’ घालतात आणि मजकूर सोपा झाला असे मानतात. खरा दोष निराळा असतो. त्या वाक्यांतून करणारा माणूस, मोजलेले माप आणि ज्याच्याशी तुलना करावयाची ते, अशी तिन्ही नाहीशी झालेली असतात.

जळगाव जिल्हा केळीचा, आणि ठिबक सिंचनाच्या धंद्याचाही. तेव्हा त्याच व्यवहारातील एक वाक्य घेऊ. ते कोणा एका कंपनीचे नसून नमुन्यादाखल येथेच रचलेले आहे. “शाश्वत जलव्यवस्थापनातील अग्रगण्य संस्था या नात्याने, आमच्या अत्याधुनिक ठिबक तंत्रज्ञानाच्या अवलंबनामुळे केळी उत्पादकांस पाण्याच्या वापरात ५० टक्क्यांपर्यंत बचत साध्य होते, हे जाहीर करताना कंपनीस अभिमान वाटतो.”

हे वाक्य घेऊन लेखकाने कोशाकडे न जाता कंपनीच्या शेतीतज्ज्ञाकडे जावे. पहिला प्रश्न असा, की बचत कशाच्या मानाने? उत्तर येते, सऱ्यांतून मोकाट पाणी देण्याच्या मानाने. दुसरा प्रश्न ‘पर्यंत’ ह्या शब्दाविषयी. हा शब्द फार धूर्त आहे. पन्नास टक्के हा एखाद्याच वाफ्यात मिळालेला सर्वांत मोठा आकडा असला आणि बाकीच्यांत वीसच वाचले असले, तरी वाक्य खोटे ठरत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे किती वाचले, कोठे मोजले, मृगबागेत की कांदेबागेत, हे विचारावे लागते. जूनच्या सुमारास लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली कांदेबाग यांची पाण्याची गरज सारख्या महिन्यांत सारखी नसते.

मग मापे मागावीत. सहा फूट बाय पाच फूट अंतराने लावल्यास एकरात सुमारे १,४५० झाडे बसतात. झाडाला तासाला चार लिटर देणाऱ्या दोन तोट्या असल्या आणि त्या दोन तास चालल्या, तर झाडाला १६ लिटर पाणी मिळते व एकराला सुमारे २३,००० लिटर लागते. हा हिशेब बागाईतदार मनातल्या मनात पडताळू शकतो. ‘५० टक्के’ पडताळण्यास त्याच्यापाशी काही साधन नसते.

एवढी उत्तरे हाती आली, आणि चाचणीत निम्मे पाणी वाचल्याचे खरोखर मोजलेले असले, तर वाक्य असे होईल: “उन्हाळ्यात केळीच्या झाडाला आम्ही दोन तोट्यांनी दोन तास, म्हणजे सोळा लिटर पाणी देतो. आमच्या चाचणीच्या मृगबागेत मोकाट पाण्याला याच्या दुप्पट लागले. क्षार साचून तोटी तुंबली, तर झाड उपाशी राहते. म्हणून अधूनमधून सौम्य आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागतात.” शेवटचे वाक्य संचालकांस सहसा रुचत नाही. परंतु ज्याच्या नळ्या एकदा तुंबल्या आहेत, तो ह्याच वाक्यामुळे आधीच्या दोहोंवर विश्वास ठेवतो.

‘बचत’ हा शब्दही जपून योजावा लागतो. मोकाट पाण्याचा काही अंश जमिनीत मुरून पुन्हा विहिरीकडे जात असतो; शिवाय उरलेल्या पाण्यावर शेतकरी बहुधा आणखी क्षेत्र लावतो. अशा वेळी विहिरीची पातळी वाढत नाही. “पाणी वाचते” याऐवजी “त्याच विहिरीवर अधिक झाडे भिजतात” असे म्हणणे प्रामाणिक होय.

हेच निवेदन धुळे जिल्ह्यात जसेच्या तसे धाडून चालत नाही. तेथे कापसाचे रान मोठे. केळीच्या मापांनी कापूसवाल्याचे समाधान होणार नाही. साक्री तालुक्यात पांझरेवरील बंधाऱ्यांखाली जुनी फड पद्धत आहे. शिवाराचे फड पाडून एका फडात एक पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यावयाचे, अशी ती रीत. तेथील लोकांजवळ ‘जलव्यवस्थापना’साठी ‘पाळी’ हा नेमका शब्द आहे, तोच घ्यावा. मात्र दोन-चार अहिराणी शब्द वरून शिंपडणे, किंवा कोणी न उच्चारलेले उद्गार एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडी घालणे, हे सोंग श्रोता तत्काळ ओळखतो.

पारख करावयाची तर मजकूर दूरध्वनीवर एखाद्या परक्या माणसाला एकदाच वाचून दाखवावा. जेथे तो “म्हणजे किती?” किंवा “कोणी केले?” असे विचारील, तेथे वाक्य अपुरे आहे. रोख्यांच्या बाजारात नोंदलेल्या कंपनीस मात्र एक मर्यादा असते: भागाच्या किमतीवर परिणाम करणारी बातमी आधी बाजाराला कळवावी लागते, आणि नंतरच्या सोप्या मजकुरातील आकडे तिच्याशी तंतोतंत जुळावे लागतात. तेथे वाक्य बदलता येते, आकडा नव्हे.