आवाजाची बँक : बोलणं थांबण्याआधी आवाज कसा साठवतात?



काही आजारांत माणसाची समज शाबूत राहते, पण बोलणं हळूहळू जातं. मोटर न्यूरॉन हा त्यातला एक. स्वरयंत्राचा कर्करोग असेल तर कधीकधी शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागतं. अशा वेळी आवाज चांगला आहे तोवर तो साठवून ठेवतात आणि पुढे टाईप केलेला मजकूर फोन त्याच आवाजात बोलतो. याला व्हॉइस बँकिंग म्हणतात.

पहिला प्रश्न असा पडतो की, माणूस पुढे काय काय बोलेल ते सगळं आधी कसं रेकॉर्ड करणार? त्याची गरजच नसते. आपण पहिलीला वाचन शिकवताना शब्द फोडून ध्वनी दाखवतो ना, तसंच इथे आहे. भाषेत शब्द लाखो असले तरी ध्वनी मोजकेच असतात. म्हणून वाचायला दिलेली वाक्यं अर्थाने विचित्र वाटतात. ती निवडलेलीच असतात अशी, की सगळे ध्वनी वेगवेगळ्या शेजाऱ्यांसोबत येऊन जावेत.

अमेरिकेतल्या 'मॉडेलटॉकर' या जुन्या प्रकल्पात सुमारे 1600 वाक्यं वाचावी लागायची. त्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून ते नव्या क्रमाने जोडले जात. थकलेल्या रुग्णाला हे फार जड जायचं. 2023 मध्ये आयफोनमध्ये Personal Voice ही सोय आली, तिला 150 वाक्यं म्हणजे साधारण 15 मिनिटांचं बोलणं पुरायचं. 2025 च्या आवृत्तीत तर फक्त 10 वाक्यं लागतात.

हे कसं जमलं? फोनमधला प्रोग्राम कोऱ्या पाटीवर सुरुवात करत नाही. अनेक माणसांचं बोलणं ऐकवून त्याला आधीच बोलायला शिकवलेलं असतं. तुमच्या वाक्यांवरून तो फक्त फरक शिकतो : तुमची पट्टी, तुमचा वेग, तुम्ही कोणता स्वर किती लांबवता. मग मजकूर दिला की तो आधी त्या बोलण्याचा ध्वनी-आराखडा बनवतो, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला सूर किती जोरात. दुसरा भाग त्या आराखड्यातून ऐकू येणारा आवाज तयार करतो. 150 वाक्यांच्या पद्धतीत हे काम फोन चार्जिंगला लावून, लॉक करून ठेवला की रात्रभर फोनमध्येच चालायचं.

पण इथेच एक अडचण आहे. तुम्ही जे दिलं नाही, ते प्रोग्राम आधी शिकलेल्या भाषेतून भरून काढतो. Personal Voice सुरुवातीला फक्त इंग्रजीत आलं. इंग्रजीत 'ळ' नाही. आपल्या 'चहा' आणि 'चाक' यांतल्या दोन वेगळ्या 'च'पैकी 'चाक'मधला 'च' इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला सहसा येत नाही. त्यामुळे इंग्रजीवर शिकलेला आवाज पट्टीने आईसारखा असला, तरी त्याच्या तोंडून 'बाळ' हा शब्द नीट यायचा नाही.

समजा, एका शिक्षिकेला मोटर न्यूरॉनचं निदान झालंय आणि ती घरात मराठीच बोलते. तिने काय करावं? तिच्यासाठी दुसरा, साधा मार्ग आहे : मेसेज बँकिंग. बोस्टनच्या बालरुग्णालयातले वाचातज्ज्ञ जॉन कॉस्टेलो यांनी तो रुजवला. यात आवाजाची प्रत बनवत नाहीत, खरी वाक्यंच रेकॉर्ड करतात. "अगं, ऐक ना!", "डबा खाल्लास का?", "मला कुशीवर वळव", नातवाला मारायची लाडाची हाक, स्वतःचं हसू. भाषेची अट नाही, आणि प्रतीत सहसा न उतरणारा लाड-राग यात जसाच्या तसा राहतो. मर्यादा एकच : जे रेकॉर्ड केलं तेवढंच वाजतं. नवीन वाक्य हवं असेल तर प्रतच लागते.

रेकॉर्डिंग सकाळी, थकवा नसताना, दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत करावं. पंखा बंद, खिडकी बंद, फोन रोज तेवढ्याच अंतरावर. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाईलमध्ये ठेवून फाईलला त्या वाक्याचंच नाव द्यावं, म्हणजे नंतर सापडतं. शक्य असेल तर WAV फाईल ठेवावी. दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये आवाजाचे बारकावे कमी होतात, आणि हीच रेकॉर्डिंग पुढे प्रत बनवायलाही कामी येऊ शकतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची. प्रोग्राम जे ऐकतो तेच शिकतो. शब्द अडखळत असतील, आवाज नाकातून येत असेल, तर प्रतही तशीच होते. घरच्यांना हा बदल रोजच्या सवयीने लक्षात येत नाही. फोनवर बोलताना लोक "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर तो इशारा समजावा. निदान झालं त्याच आठवड्यात, बोलणं अगदी ठीक असतानाच पहिलं वाक्य रेकॉर्ड करायचं. प्रत पुढे कधीही बनवता येते, पण त्यासाठी लागणारा आवाज त्या आठवड्यातलाच हवा.